टू-स्ट्रोकच्या उघड्या खिडक्या: वाचकांची प्रश्नोत्तरे

गेल्या महिन्यात जुन्या स्कूटरच्या कार्बोरेटरवर लिहिलं, आणि आलेले बहुतेक प्रश्न कार्बोरेटर सोडून धुराबद्दलच निघाले. त्यातले सहा इथे घेतले आहेत. क्रम मी लावलाय, कारण पहिलं उत्तर डोक्यात बसलं की पुढची निम्मी उत्तरं वाचकालाच सुचतील.

आजोबांची जुनी चेतक खोलली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, हिच्यात व्हॉल्व्हच नाही. मग पेट्रोल आत येतं कसं आणि धूर बाहेर जातो कसा?
(एक विद्यार्थी, गंगापूर रोड)

पुन्हा खोलाल तेव्हा बॅरल हातात घ्या आणि आतून बोट फिरवा. गुळगुळीत भिंतीवरून फिरता फिरता बोट मध्येच खिडक्यांत अडकेल. त्यातली मोठी खिडकी सायलेन्सरकडे जाते, ती एक्झॉस्ट पोर्ट. तिच्यापेक्षा जरा खालच्या पातळीवर दुसऱ्या खिडक्या आहेत, त्यांची वाट खाली क्रँककेसमध्ये उतरते. त्या ट्रान्सफर पोर्ट. यांतल्या एकाही खिडकीला दार नाही. पिस्टन वर गेला की त्याच्या अंगाने त्या झाकल्या जातात, खाली आला की उघड्या पडतात. पिस्टन हेच दार आणि पिस्टन हाच दारवान.

पिस्टन वर जातो तेव्हा एकाच वेळी दोन कामं होतात. डोक्याकडे मिश्रण दाबलं जातं आणि पोटाखाली क्रँककेसमध्ये पोकळी होऊन कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं नवं मिश्रण ओढलं जातं. वर ठिणगी पडते, पिस्टन खाली येतो, आणि येताना क्रँककेसमधलं हे मिश्रण सायकलच्या पंपासारखं दाबतो. निम्म्याहून थोडा जास्त खाली आला की आधी एक्झॉस्टची खिडकी उघडते आणि जळका वायू जोरात सुटतो. लगेच पुढे ट्रान्सफरच्या खिडक्या उघडतात, दाबून ठेवलेलं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये उसळतं आणि उरलेल्या धुराला पुढे ढकलत बाहेर घालवतं. पिस्टन परत वर निघतो. क्रँकची एक फेरी, पिस्टनच्या दोन धावा, काम पुरं. फोर-स्ट्रोकला याच कामासाठी दोन फेऱ्या लागतात: एक धाव ओढायला, एक दाबायला, एक जाळायला आणि एक फक्त धूर बाहेर काढायला.

आता नेमकं कुठे बिघडतं ते बघा. दिवाळीआधी घर धुताना आपण मागच्या खोलीत बादली ओततो आणि पाणी पुढच्या दाराने काढतो. घाण पाण्यामागोमाग थोडं स्वच्छ पाणीही दाराबाहेर जातंच, त्याला इलाज नसतो. टू-स्ट्रोकमध्ये धूर बाहेर ढकलणारं पाणी म्हणजे तुमचं पेट्रोल. ट्रान्सफर उघडा असतो तो सगळा वेळ एक्झॉस्टही उघडाच असतो. ५,००० आरपीएमला क्रँकची एक फेरी १२ मिलिसेकंदांत होते. त्यात ट्रान्सफर साधारण एक तृतीयांश फेरी उघडा राहतो, म्हणजे ४ मिलिसेकंद. एवढ्या वेळात धूर पूर्ण जायला हवा, ताजं मिश्रण पूर्ण यायला हवं, आणि दोघांनी एकमेकांत मिसळायचं नाही अशी अपेक्षा आहे. ती कोण पुरी करणार?

त्यात आणखी एक खोडा आहे. खिडक्या भिंतीत कोरलेल्या, त्यामुळे जी आधी उघडते ती बंदही शेवटी होते. एक्झॉस्ट ट्रान्सफरच्या आधी उघडायलाच हवा, नाहीतर दाबातला जळका वायू उलटा क्रँककेसमध्ये घुसेल. पण त्यामुळेच पिस्टन वर जाताना ट्रान्सफर आधी झाकला जातो आणि एक्झॉस्ट अजून उघडाच असतो. वर जाणारा पिस्टन त्या उघड्या खिडकीतून आणखी थोडं ताजं मिश्रण बाहेर रेटतो. शिल्लक राहतं ते दाबलं जातं.

जर्मनीत श्न्युर्ले या अभियंत्याने १९२०च्या दशकात यावर चांगला तोडगा काढला. ट्रान्सफरच्या खिडक्या त्याने तिरक्या केल्या, म्हणजे येणारं मिश्रण एक्झॉस्टकडे सरळ न जाता त्याच्या समोरच्या भिंतीवर आपटून वर चढतं आणि वळसा घेऊन खाली येतं. पुढच्या बहुतेक टू-स्ट्रोक गाड्या याच वळशावर चालल्या. गळती त्याने कमी केली, थांबली मात्र नाही. कार्बोरेटरच्या साध्या टू-स्ट्रोकमध्ये जोर लावलेला असताना आत आलेल्या मिश्रणाचा पाचवा ते तिसरा हिस्सा न जळताच सायलेन्सरमध्ये जातो. जुन्या स्कूटरच्या मागे उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलचा वास येतो तो हाच.

आमच्या बागेत गवत कापायचं मशीन आणि पाठीवरचा फवारणी पंप दोन्ही टू-स्ट्रोक आहेत. सगळे म्हणतात हलकं असतं म्हणून. नेमकं काय कमी असतं त्यात?
(द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका)

आयटीआयमध्ये शिकवत होतो तेव्हा टेबलावर दोन इंजिनं खोलून दोन कापडांवर मांडायचो. टू-स्ट्रोकच्या कापडावर हलणारे मुख्य भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. शेजारच्या कापडावर याच तिघांखेरीज दोन व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा, त्यांना दाबणारे रॉकर, रॉकरला हलवणारा कॅमशाफ्ट, कॅमला फिरवणारी टायमिंग चेन आणि ती चेन ताणून धरणारा टेन्शनर. शिवाय ऑइलचा पंप आणि तळाशी ऑइल साठवायची जागा. मोटरसायकलच्या इंजिनात ते ऑइलच लिटरभर असतं. हेडसुद्धा बघा. टू-स्ट्रोकचं हेड म्हणजे पंख्यांचं एक झाकण, चार नट सोडले की हातात. फोर-स्ट्रोकच्या हेडमध्ये वर सांगितलेलं निम्मं सामान बसवलेलं असतं.

दुसरं कारण दिसत नाही, पण वजन त्यानेही कमी होतं. टू-स्ट्रोकला प्रत्येक फेरीला एक धक्का मिळतो, फोर-स्ट्रोकला एकाआड एक फेरीला. मधल्या रिकाम्या दीड फेरीत क्रँक फिरता ठेवायला फोर-स्ट्रोकला जड फ्लायव्हील लागतं. आणि धक्के जास्त असल्यामुळे तेवढीच ताकद काढायला टू-स्ट्रोक मुळात लहान पुरतो.

तुमच्या मशीनच्या बाबतीत मला तिसरं कारण सर्वांत मोठं वाटतं. गवत कापताना तुम्ही बांधावर मशीन आडवं धरता, उताराला तिरकं करता. साध्या फोर-स्ट्रोकमध्ये तळाचं ऑइल अशा वेळी पंपाच्या तोंडापासून सरकतं किंवा पिस्टनकडे चढतं. टू-स्ट्रोकमध्ये तळाला ऑइलच नाही, ते पेट्रोलात मिसळलेलं असतं आणि पेट्रोल जाईल तिथे तेही जातं. म्हणून झाडं तोडायच्या साखळी करवतीही टू-स्ट्रोकवरच टिकून राहिल्या. कुठल्याही बाजूला वळवता येणारे छोटे फोर-स्ट्रोक आता मिळतात, त्यांत ऑइलची वाफ धुक्यासारखी फिरवतात. ते थोडे जड आणि महाग पडतात, पण दिवसभर मशीन चालवणाऱ्या माणसाच्या नाकाचा विचार केला तर माझं मत त्यांच्या बाजूने आहे. सायलेन्सर गाडीत तुमच्या मागे असतो, पाठीवरच्या पंपात तो तुमच्या कमरेशी असतो.

टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला ठिणगी, फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक. मग आरएक्स १०० ची ताकद सीडी १०० च्या बरोब्बर दुप्पट का नाही? कॉलेजात असताना दोन्ही चालवल्यात, म्हणून विचारतो.
(नोकरदार, सिडको)

जोडी छान निवडलीत. दोन्ही गाड्या १९८५ मध्ये आल्या आणि बोअर दोन्हीचा ५० मिलिमीटर. आरएक्सचा स्ट्रोक ५०, सीडीचा ४९.५. म्हणजे ९८ सीसी विरुद्ध ९७ सीसी, यापेक्षा सरळ सामना नाही. ताकद मात्र आरएक्सची ११ अश्वशक्ती आणि सीडीची साडेसातच्या आसपास. दुप्पट अपेक्षित, मिळाली दीडपट. उरलेली अर्धपट गेली कुठे?

ती खिडक्यांतून गेली. ५० मिलिमीटर स्ट्रोकच्या अशा इंजिनात पिस्टन वरून साधारण ३० मिलिमीटर खाली आला की एक्झॉस्ट उघडतो. पुढचे २० मिलिमीटर पिस्टनमागे जोर उरत नाही, धक्का अर्ध्यावरच सोडून द्यावा लागतो. सीडीचा व्हॉल्व्ह पिस्टन जवळजवळ तळाशी पोहोचेपर्यंत बंद असतो. वर चढतानाही तेच: आरएक्सची खरी दाबणी एक्झॉस्ट झाकला गेल्यावर सुरू होते. शिवाय आत थोडा जुना धूर राहून गेलेला आणि थोडं ताजं मिश्रण निसटून गेलेलं. म्हणजे आरएक्सचे धक्के संख्येने दुप्पट, पण प्रत्येक धक्का कमजोर.

पेट्रोलचा हिशोब इथेच लागतो. निसटलेलं मिश्रण तुम्ही विकत घेतलेलं असतं आणि ते गाडी ओढत नाही. सीडीने ॲव्हरेजच्या जोरावर बाजार मारला, त्यामागे कंपनीची जाहिरात होतीच, पण मुळात तिचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत होता.

आरएक्सच्या सायलेन्सरबद्दल एक सांगायचा मोह आवरत नाही. तो आतून मुद्दाम फुगीर आणि मग निमुळता केलेला असतो. जळक्या वायूची दाबाची लाट त्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि नेमक्या वेळी एक्झॉस्टच्या खिडकीशी पोहोचून निसटू पाहणारं मिश्रण आत ढकलते. नसलेल्या व्हॉल्व्हचं काम आवाजाची लाट करते! पण लाटेचा वेग आपल्या हातात नाही, म्हणून हे ठरावीक आरपीएमलाच जुळतं. आरएक्स एका टप्प्यानंतर एकदम उसळते ती तिथे. कॉलेज रोडवर सायलेन्सर कापून फिरणाऱ्या पोरांनी आवाज वाढवला आणि तोच व्हॉल्व्ह फेकून दिला. गाडी जास्त ओरडते, कमी पळते आणि पेट्रोल जास्त सांडते.

माझ्या १९९५ च्या स्कूटरचं पीयूसी दरवेळी पास होतं. मग ती प्रदूषण करते असं कशावरून म्हणता? कागदच दाखवतो ना मी.
(निवृत्त कर्मचारी, नाशिकरोड)

कागद खरा आहे, फक्त त्यावर काय लिहिलंय ते वाचा. पीयूसीवाला गाडी स्टँडवर लावून, मूठ न पिळता, सायलेन्सरमध्ये नळी घालतो. यंत्र दोन आकडे देतं: कार्बन मोनॉक्साइड किती टक्के आणि हायड्रोकार्बन किती पीपीएम. हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेलं इंधन. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला ९,००० पीपीएमपर्यंत मुभा आहे. त्यानंतर लगेचच्या वर्षांत बनलेल्या टू-स्ट्रोकला ६,००० आणि फोर-स्ट्रोकला ४,५००. एकाच काळातल्या दोन गाड्यांसाठी दोन वेगळे आकडे नियमानेच दिलेत, त्यावरून काय ते समजा. तुमची गाडी पास होते ती सर्वांत सैल गाळणीतून.

आणि ही गाळणी धूर कसा आहे एवढंच बघते, किलोमीटरमागे किती सोडला ते बघत नाही. तो हिशोब घरी करता येतो. तुमची स्कूटर लिटरला ४० किलोमीटर देते असं धरू. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम. म्हणजे किलोमीटरला साडेअठरा ग्रॅम पेट्रोल. त्यातलं चौथाई न जळता निसटलं, तर किलोमीटरमागे साडेचार ग्रॅमच्या वर कच्चं पेट्रोल हवेत गेलं. १ एप्रिल २००० पासून नव्या दुचाकीला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मिळून किलोमीटरला २ ग्रॅमची मर्यादा आली. २००५ मध्ये ती दीड ग्रॅम आणि २०१० मध्ये १ ग्रॅमवर आली. साडेचार आणि १ यांच्यामधल्या त्या उतरणीवर टू-स्ट्रोक स्कूटरी आणि मोटरसायकली शोरूममधून गेल्या. बंदीचा वेगळा हुकूम काढायची गरजच पडली नाही.

तुमचं रोजचं जाणं-येणं १० किलोमीटर असेल तर महिन्याला हे सव्वा किलोच्या पुढे जातं, म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास पेट्रोल. हा भाग मी रागवायला सांगत नाही, खिशाचा म्हणून सांगतोय.

स्टँडवरची स्कूटर कान देऊन ऐका. फोर-स्ट्रोक घड्याळासारखी एका ठेक्यात चालते. तुमची ‘ढब… ढब-ढब… ढब’ अशी अडखळते. मूठ बंद असताना इतकं थोडं मिश्रण आत येतं की जुन्या धुरात ते विरून जातं आणि ठिणगी पडूनही पेटत नाही. दोन-तीन फेऱ्यांचं मिश्रण साचलं की मग एकदा पेटतं. मधल्या प्रत्येक चुकलेल्या ठिणगीचं मिश्रण तसंच्या तसं बाहेर. द्वारका चौकात सिग्नलला दोन मिनिटं उभे असाल तर इंजिन बंद करण्याचा फायदा कुठल्याही गाडीला आहे, पण तुमच्या गाडीला सर्वांत जास्त.

न्यायाने एक गोष्ट टू-स्ट्रोकच्या बाजूचीही सांगतो. आत उरलेला धूर जळण्याची आच कमी करतो, त्यामुळे नायट्रोजनचे ऑक्साइड टू-स्ट्रोक फोर-स्ट्रोकपेक्षा कमी सोडतं. बाकी सगळ्या खात्यांत ते मागे आहे.

गॅरेजवाला म्हणतो, टू-टी ऑइल निम्मं घाला म्हणजे धूर बंद होईल. करून बघू का?
(गृहिणी, पंचवटी, गाडी यजमानांची, चालवते मी)

नका करू. मी केलं होतं.

पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गॅरेजवाल्याच्या अशाच सल्ल्यावरून मी लिटरला २० मिलिलिटरऐवजी १० वर आलो होतो आणि धूर खरंच कमी दिसत होता. नवरात्रात सप्तशृंगी गडावर डबलसीट गेलो. चढ निभावला. उतरताना नांदुरीच्या बाजूला मूठ बंद करून तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सोडली. एका वळणानंतर इंजिनाचा आवाज एकदम बारीक, कोरडा झाला, ‘किर्र’ असं काहीतरी, आणि मागचं चाक जागच्या जागी जाम. क्लच दाबला म्हणून दोघे सुखरूप राहिलो. खाली येऊन बॅरल काढलं तेव्हा पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभे ओरखडे आणि बॅरलच्या भिंतीला ॲल्युमिनियम चिकटलेलं.

झालं काय, ते आता तुम्हाला सांगता येईल. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलातूनच मिळतं. उतारावर चाकं इंजिनाला जोरात फिरवतात, पण मूठ बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ नाही, म्हणजे ऑइलही नाही. सर्वांत जास्त गरज तेव्हा सर्वांत कमी पुरवठा, आणि मी तर तोही आधीच निम्मा केलेला. म्हणून घाटात उतरताना टू-स्ट्रोकची मूठ अधूनमधून थोडी पिळायची असते. जुने लोक तशी सवयच ठेवायचे, कारण मात्र फारसं कुणी सांगायचं नाही.

शिवाय ऑइल निम्मं केलं तरी डोळ्याला दिसणारा निळसर-पांढरा धूर कमी होतो, खिडकीतून निसटणारं पेट्रोल तेवढंच राहतं. ते दिसत नाही, म्हणून गाडी सुधारल्यासारखी वाटते. कंपनीने सांगितलेलं प्रमाण ठेवा. पंपावर खुलं मिळणारं ऑइल टाळा आणि इंजिनातून काढलेलं जुनं काळं ऑइल तर कधीच घालू नका. ‘लो स्मोक’ लिहिलेलं टू-टी जरा महाग पडतं, पण त्याने खरोखर फरक पडतो.

प्रमाण बरोबर असून धूर जास्त येत असेल तर आधी धूर कसला ते ओळखा. सकाळी पहिल्या किकनंतर मिनिट-दोन मिनिटं पांढरा ढग आला आणि गाडी तापल्यावर विरला, तर तो सायलेन्सरमध्ये साचलेल्या ऑइलचा. सायलेन्सर काढून कार्बन साफ केला की भागतं. गाडी तापली तरी दाट धूर थांबत नाही, आणि गिअरबॉक्सचं ऑइल गळती न दिसता कमी होत चाललंय, तर क्रँकचं गिअरबॉक्सकडचं ऑइल सील गेलं आहे. क्रँककेसमधली पोकळी गिअरचंच ऑइल ओढून जाळते आहे. याउलट धूर नाही, पण मूठ सोडली तरी आरपीएम खाली येत नाही, इंजिन आपोआप रेस होतं, तर मॅग्नेटोकडच्या सीलमधून हवा शिरते आहे. हे सील लगेच बदला. हवा वाढली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो, आणि पुढे मी नांदुरीला पाहिलं तेच तुम्हाला दिसेल. दोन्ही सीलं स्वस्त असतात, पैसे जातात ते इंजिन खोलायच्या मजुरीत, त्यामुळे एक बदलताना दुसरंही बदलून घ्या.

जगातली सर्वांत मोठी जहाजं टू-स्ट्रोक डिझेलवर चालतात असं वाचलं. मग दोष टू-स्ट्रोकचा का मानायचा? आणि इंजेक्शन बसवून आपल्या स्कूटरी वाचवता आल्या नसत्या का?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अंबड)

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: धूर कशाने धुऊन काढता?

जहाजाच्या इंजिनात सिलिंडर धुतला जातो तो नुसत्या हवेने. हवा खालच्या खिडक्यांतून शिरते, धूर हेडमधल्या व्हॉल्व्हमधून वर निघतो, आणि सगळी दारं बंद झाल्यावर डिझेल फवारलं जातं. धुताना थोडी हवा बाहेर सांडली तर कुणाचं काय गेलं? हवा फुकट आहे. मोठी जहाजी इंजिनं इंधनातल्या ऊर्जेचं निम्मं कामात आणतात, रस्त्यावरच्या गाड्यांना तिथवर पोहोचणं जड जातं. पण त्या इंजिनांना व्हॉल्व्ह आहे, हवा भरणारा टर्बो आहे, वंगणाची वेगळी व्यवस्था आहे. चेतकचा साधेपणा तिथे शोधू नका. ती इंजिनं काही मजली इमारतीएवढी असतात.

म्हणजे दोष दोन धावांचा नाही. पेट्रोल आधीच हवेत मिसळून त्याच मिश्रणाने सिलिंडर धुण्याचा आहे. तुम्ही म्हणता ते इंजेक्शन नेमकं इथेच लागू पडतं, एका अटीवर. ते कार्बोरेटरच्या जागी बसवून उपयोग नाही, कारण मिश्रण पुन्हा क्रँककेसमधूनच येणार. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये आणि एक्झॉस्टची खिडकी बंद होत आल्यावर सोडायला हवं. असं इंजिन भारतात विकायलाही आलं होतं. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑर्बिटल कंपनीच्या तंत्रावर थेट इंजेक्शनची टू-स्ट्रोक रिक्षा काढली. गळती घटली, ॲव्हरेज वाढलं.

अडचण वेळेची होती. एक्झॉस्ट बंद झाल्यापासून ठिणगी पडेपर्यंत जेमतेम पाव फेरी उरते, ५,००० आरपीएमला ३ मिलिसेकंद. तेवढ्यात पेट्रोलचा बारीक फवारा होऊन हवेत मिसळला पाहिजे. त्यासाठी ऑर्बिटलच्या तंत्रात दाबाच्या हवेने पेट्रोल फवारतात, म्हणजे हवेचा छोटा कॉम्प्रेसर आला, इंजेक्टर आला, सेन्सर आले, सगळ्यांना हाकणारा कंट्रोलर आला. वंगणासाठी ऑइलचा वेगळा पंपही लागतो, कारण पेट्रोल आता क्रँककेसमधून जातच नाही. व्हॉल्व्ह आणि चेन वाचवली आणि त्या किमतीचं दुसरं सामान बसवलं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावून बघितला, तोही २००० नंतरच्या बऱ्याच टू-स्ट्रोक गाड्यांत होता. पण त्याच्याकडे येणारं कच्चं पेट्रोल इतकं की ते तिथेच जळून कन्व्हर्टर बेसुमार तापतो, आणि ऑइलची राख त्याच्या जाळीवर बसून तो हळूहळू आंधळा होतो. नवी गाडी चाचणीत पास होते, वीस हजार किलोमीटर चाललेलीचा भरवसा नाही.

फोर-स्ट्रोकमध्ये धूर पिस्टन ढकलतो आणि पेट्रोल नंतर येतं. कंपन्यांनी शेवटी तेच पत्करलं, कारण व्हॉल्व्ह-चेनचं सामान तोवर लाखांनी बनून स्वस्त झालं होतं.